सैतानाचं माहेर

४ जानेवारी

मामा, नमस्कार.

अक्षर ओळखलं नसेल, म्हणून आधीच सांगते. मी तुमची भाची, जिला तुम्ही खारूताई म्हणायचात ती. आई गेली त्या दिवशी आपण शेवटचे भेटलो, त्याला या महिन्यात अकरा वर्षं होतील. आता मी चाळिशीची आहे, चष्म्याचं दुकान चालवते, लोकांचे डोळे तपासते आणि भिंतीवरची मोठी अक्षरं दिसत नसतील तर गाडी चालवू नका असं सांगते. कुणी ऐकत नाही. तुम्ही लिहिता त्या त्रैमासिकाच्या संपादकांनी तुमचा पत्ता दिला. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही हेही त्यांनीच सांगितलं, म्हणून पत्र.

बाबांना ऑगस्टमध्ये पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि बोलणं जड झालं. डोकं शाबूत आहे, सकाळी तर अगदी तल्लख. जिना चढवत नाही म्हणून त्यांची खोली मी खाली आणली आणि पुस्तकं उतरवताना एका खोक्यात त्याच त्रैमासिकाचे सव्वीस वर्षांपूर्वीचे दोन अंक सापडले. एकात बाबांचा लेख, ‘सैतानाचे माहेर’. त्याच्या पुढच्यात तुमचं उत्तर, ‘माहेराचा पुरावा कुठे आहे?’

या लेखांबद्दल आमच्याकडे कधीच कुणी बोललं नाही. मला आठवतं ते एवढंच की मी चौदा वर्षांची होते, सुट्टीत तुमच्याकडे यायच्या पिशव्या भरून झाल्या होत्या आणि त्या तशाच रिकाम्या केल्या. पुढच्या सुट्टीतही आलो नाही. बाबा शाळेत भाषा शिकवत राहिले. त्यानंतर त्यांनी लिहिलं ते प्रश्नपत्रिकांपुरतं. सैतानाला माहेर मिळालं की नाही मला ठाऊक नाही, आईचं मात्र तुटलं.

मी दोन्ही लेख वाचले आणि निम्मे डोक्यावरून गेले. नव्या अंकात जाहिरात आहे की पुढच्या विशेषांकासाठी तुम्ही याच विषयावर निबंध लिहिताय. मग जरा मलाही सांगा. बाबांचं म्हणणं काय होतं, आणि ते चुकलं कुठे? चष्मेवालीला कळेल असं लिहा. मी हे पत्र लिहिल्याचं बाबांना माहीत नाही, तेव्हा भीडभाड ठेवू नका.

तुमची,
खारूताई


१५ जानेवारी

चि. खारूताई,

तुझं पत्र दोन दिवस टेबलावर नुसतं ठेवून दिलं होतं. भाऊजींची तब्येत वाचून वाईट वाटलं. मी एकटाच असतो, गुडघे कुरकुरतात, कानात यंत्र आहे. बाकी विद्यापीठाने निरोप दिल्यावर माणूस जसा असतो तसा आहे.

आता तुझा प्रश्न. इराणी लोकांचा जुना धर्म, झरथुष्ट्राचा. त्यातली सगळ्यांत जुनी रचना म्हणजे गाथा. त्या कधीच्या, यावर एकमत नाही, काही शतकांचा फरक पडतो. त्यात एका ठिकाणी दोन आद्य शक्तींची गोष्ट येते. मइन्यु म्हणतात त्यांना, आपण ‘चित्तवृत्ती’ म्हणू. त्या जुळ्या आहेत. विचारात, बोलण्यात आणि करणीत एक चांगली आणि दुसरी वाईट. दोघींनी आपापली निवड केली. एकीने ‘अश’ निवडलं, म्हणजे सत्य, नीट लागलेली घडी. दुसरीने ‘द्रुज’, म्हणजे खोटेपणा. माणसानेही तसंच निवडायचं आहे. या दोघींच्या वर अहुर मज्द, तो शहाणा देव. तो दोघींचा बाप आहे का? चांगलीचा आहे असं एके ठिकाणी म्हटलंय. वाईटाचं पितृत्व कुणी त्याच्या पदरात घालावं की नाही, यावर पंडितांची अजून जुंपते.

पुढे हळूहळू चांगली चित्तवृत्ती आणि देव एकरूप झाले आणि सामना थेट लागला. इकडे होर्मज्द, म्हणजे अहुर मज्दचंच पुढचं नाव, तिकडे वाईट चित्तवृत्ती, तिचं नाव अहरिमन. मधल्या काळातल्या पहलवी भाषेच्या ग्रंथांत हे सगळं सविस्तर सापडतं. ठरावीक मुदतीचं युद्ध, शेवटी वाईटाचा पराभव, मेलेल्यांचं देहासह उठणं, न्यायनिवाडा.

भाऊजींचं म्हणणं असं: यहुद्यांना बाबिलोनच्या बंदिवासातून एका इराणी राजाने सोडवलं, मग ते दोन शतकं इराणी राज्यात राहिले, आणि त्याच काळात त्यांनी सैतान, देवदूतांच्या पलटणी, अखेरचा निवाडा हे सगळं तिथून उचललं. त्यांच्याकडून ते ख्रिस्ती आणि मुसलमान परंपरेत गेलं. वाचायला झकास. पण ज्या ग्रंथांवर त्यांची सगळी भिस्त होती, ते लिहिले गेले इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या आसपास. म्हणजे ज्यांनी ‘उचललं’ त्यांच्यानंतर हजारेक वर्षांनी. मग कुणी कुणाचं उचललं? मी एवढंच विचारलं होतं.

खरं सांगू? तुझे बाबा हाडाचे शिक्षक. फळ्यावर मधोमध रेघ मारून दोन रकाने पाडले की त्यांना बरं वाटतं. इकडे प्रकाश, इकडे अंधार, इकडे देणारे, इकडे घेणारे. भाषा मात्र त्यांची माझ्यापेक्षा कितीतरी चांगली होती, हे मी तेव्हाही जाणत होतो. ताईला मी एकदा तसं म्हणालोही होतो. तिने त्यांना सांगितलं की नाही कोण जाणे.

आशीर्वाद.
मामा


२९ जानेवारी

मामा,

पत्र मिळालं आणि चक्क समजलं. दोन रकान्यांवर हसू आलं. आमच्याकडे किराण्याच्या यादीलाही रकाने असतात.

तरी शंका आहेत. पहिली अशी. माझ्याकडे एक आजीबाई येतात. त्यांच्या चष्म्याचा नंबर मी गेल्या आठवड्यात पहिल्यांदा कागदावर उतरवला. म्हणून त्यांची नजर गेल्या आठवड्यात अधू झाली असं होईल का? ग्रंथ नवव्या शतकात लिहिले म्हणून विचारही नवव्या शतकातला, असं कशावरून?

दुसरी. यहुदी लोक हे सगळं स्वतःच्या डोक्याने काढू शकले नसते का? तुमच्या उत्तरात त्याबद्दल फारसं काही दिसलं नाही, बाबांच्या लेखात तर नाहीच.

तिसरी. या दोघांच्या लढाईबद्दल इराणबाहेरच्या कुणी, खूप आधी, काही लिहून ठेवलंय का? बाबांच्या लेखात पान चौदावर खाली बारीक अक्षरात कुणा ग्रीकाचा उल्लेख आहे. तुमच्या उत्तरात मी दोनदा शोधला, सापडला नाही. माझी नजर चांगली आहे हो.

घाईने लिहिते आहे, दुकानात एक गृहस्थ चौथ्यांदा तीच फ्रेम लावून आरशात बघताहेत.

खारूताई


२० फेब्रुवारी

चि. खारूताई,

उत्तराला उशीर झाला. थंडीने कान दुखत होता.

तुझी आजीबाईंची शंका रास्त आहे. पहलवी ग्रंथांत जुना मजकूर मुरलेला आहे हे सगळेच मानतात. अडचण अशी की जुनं कुठलं आणि नंतर मिसळलेलं कुठलं, ते वेगळं काढता येत नाही. झुर्वान म्हणजे काळ, आणि होर्मज्द आणि अहरिमन ही त्याची जुळी मुलं, अशीही एक कथा आहे. ती आपल्याला मुख्यतः त्या धर्माच्या विरोधकांनी लिहून ठेवली म्हणून कळते. इराणी सम्राटांच्या शिलालेखांत अहुर मज्द आहे, ‘खोटेपणा’ला शिव्या आहेत, पण अहरिमनाचं नाव नाही. म्हणून जपून बोलावं लागतं.

आणखी एक गोष्ट तुझ्या बाबांच्या लेखात निसटली होती. या इराणी विचारात जग वाईट नाही. माती, पाणी, गाय, देह, सगळं चांगल्या देवाने घडवलेलं. वाईट बाहेरून घुसलेलं आहे, त्याला स्वतःचं शरीरसुद्धा नाही. पुढे मानी नावाचा एक धर्मसंस्थापक झाला, त्याने नावं इराणी घेतली आणि सांगितलं की हा देह म्हणजेच प्रकाशाचा तुरुंग. द्वैत दोन्हीकडे आहे, पण एकाच्या मते शेती करणं पुण्य आणि दुसऱ्याच्या मते रोपट्याला इजा करणंही पाप. दोघांना एका दावणीला बांधता येत नाही.

यहुद्यांचं म्हणशील तर एक उदाहरण देतो. एका राजाने प्रजेची शिरगणती केली, ते पाप ठरलं. जुन्या वृत्तांतात त्याला ती बुद्धी खुद्द देवानेच रागाच्या भरात दिली. तीच हकीकत पुढे इराणी अमलात पुन्हा लिहिली गेली तेव्हा देवाच्या जागी ‘विरोधक’ आला, ‘सैतान’ या शब्दाचा मूळ अर्थ तोच. इराणी प्रभाव? असेल. किंवा आपल्या देवाने असं करावं हे लेखकालाच पटेना, म्हणून त्याने दुसरा शोधला. दुसऱ्या एका कथेत हाच विरोधक देवाच्या दरबारातला नोकर आहे, परवानगी घेऊन छळतो. तो अहरिमन नव्हे. आणि एक संदेष्टा तर देवाच्या तोंडी घालतो की उजेड मीच करतो आणि अंधारही मीच. काहींना यात इराणी मताला टोला दिसतो, काहींना दिसत नाही. मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या यहुद्यांच्या एका गुंडाळीत सत्याची आणि असत्याची अशा दोन चित्तवृत्ती येतात, गाथांची आठवण व्हावी इतक्या जवळच्या. पण तिथेही दोन्ही देवानेच केलेल्या. नावाच्या बाबतीत भक्कम पुरावा एकच, अस्मोदाय नावाचा राक्षस. तो इराण्यांच्या क्रोधाच्या राक्षसावरून आला हे बहुतेकांना मान्य आहे. पण शेजाऱ्याकडून एक नाव आणलं म्हणजे त्याचं सगळं घर आणलं असं होत नाही.

आता तो ग्रीक. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीला एकाने लिहून ठेवलं आहे की इराणी लोक दोन देव मानतात, एक उजेडासारखा, एक अंधारासारखा. त्यांची हजारो वर्षांची झुंज, शेवटी वाईटाची हार, मग माणसं सुखी होतील आणि त्यांची सावली पडणार नाही. हे सांगताना तो आपल्याआधीच्या एका इतिहासकाराचा हवाला देतो, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या. अर्थात ऐकीव माहितीवर ऐकीव माहिती. त्यातलं नेमकं किती जुन्याचं आहे ते सांगणं कठीण. प्रत्युत्तरात त्याचा उल्लेख जागेअभावी राहिला असावा.

पण मला एक सांग. पान चौदाची तळटीप तू वाचलीस? चाळीस वर्षं मी विद्यार्थी पाहिले, तळटीप आपणहून वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि त्यातलं कुणी चष्म्याचं दुकान काढलेलं नाही.

मामा


३ मार्च

मामा,

सापडले मी. आता खरं सांगते.

रोज सकाळी चहा झाला की आठ ते साडेनऊ बाबा चांगले असतात. तुमचं पत्र मी त्या वेळात मोठ्याने वाचते. ते ऐकतात, एकेक शब्द गोळा करून प्रश्न सांगतात आणि मी लिहून घेते. यहुद्यांनी स्वतःच्या डोक्याने का काढलं नसेल, हाही त्यांचाच प्रश्न, स्वतःच्याच लेखाविरुद्ध. आजीबाई तेवढ्या माझ्या. माझं नाव सांगू नकोस, असं त्यांनीच बजावलं होतं. म्हणाले, “मला लिहिताना तो सांभाळून लिहील. तुला लिहिताना खरं लिहील.”

दोन रकान्यांचं ऐकून ते इतके हसले की ठसका लागला. मग भाषेबद्दलचं वाक्य मला परत वाचायला लावलं. आईने त्यांना ते कधी सांगितलं नव्हतं. तुमचं नाव काढलं की बाबा उठून जायचे, म्हणून तिने सांगितलं नसणार. तुमच्याकडे त्यांची बाजू, त्यांच्याकडे तुमची बाजू, असं करता करता शेवटी ती दोघांशीही त्या विषयावर बोलेनाशी झाली. तुमच्या वाढदिवसाला ती फोनजवळ नुसती बसून राहायची, मी पाहिलंय.

आता जे विचारते ते मी विचारते आहे, बाबा नव्हे. त्यांनी मला मनाई केली आहे. तुमचा सगळा जोर एकाच मुद्द्यावर होता, की नवव्या शतकाआधीचा पुरावा लेखात नाही. शेवटच्या परिच्छेदात तुम्ही लिहिलंत की हौशी लेखकांनी साधनं न तपासता लिहू नये. ते ‘हौशी’ शाळेत सगळ्यांनी वाचलं. बाबांच्या मुख्याध्यापकांनी तर वर्गात दाखवलं. आणि पुरावा होता, पान चौदावर, खाली. तुम्ही उत्तर लिहिलंत तेव्हा ती तळटीप वाचली होती का?

डॉक्टर म्हणतात दुसरा झटका कधीही येऊ शकतो. थंडी, कान वगैरे मध्ये येऊ देऊ नका.

खारूताई


१९ एप्रिल

चि. खारूताई,

तुझं पत्र मिळून सहा आठवडे झाले. भाऊजी ऐकत होते हे कळल्यावर आधीची पत्रं मनात पुन्हा वाचून काढली आणि शरमिंदा झालो.

उत्तर निबंधातच द्यावं असं मी ठरवलं. ज्या त्रैमासिकात अन्याय झाला, तिथेच तो दुरुस्त व्हावा. त्यासाठी सगळी साधनं पुन्हा तपासली, म्हणून वेळ लागला. शेवटचा भाग सोबत पाठवतो, तो भाऊजींना वाचून दाखव:

‘दोन समाज दोनशे वर्षे एका राज्यात राहिले, त्यामुळे परिचय निश्चित. एखाददुसरा शब्द घेतला गेला, हेही जवळपास निश्चित. विरोधकाची वाढ, दोन चित्तवृत्ती, देहासह पुनरुत्थान यांवर इराणी विचाराची छाया असणे शक्य आहे, काही ठिकाणी संभवनीय आहे. सिद्ध मात्र कुठेही झालेले नाही. साम्य म्हणजे उसनवारी नव्हे. तथापि इराणी साधने केवळ उत्तरकालीन आहेत म्हणून प्रश्नच निकालात काढणे हेही योग्य नव्हते. एका जुन्या ग्रीक साक्षीवरून थेट द्वंद्वाची कल्पना इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात परिचित असावी असे दिसते. या नियतकालिकात पूर्वी झालेल्या चर्चेत या साक्षीची पुरेशी दखल घेतली गेली नसावी, असे म्हणण्यास जागा आहे.’

मुद्रितं पुढच्या महिन्यात येतील. भाऊजींना काही बदल सुचवायचा असेल तर अवश्य कळव.

मामा


२७ एप्रिल

मामा,

वाचून दाखवलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, निष्कर्ष बरोबर आहे, आपला लेख चुकलाच होता. ते त्यांना तुमचं उत्तर छापून आल्यावर चार-पाच वर्षांत स्वतःलाच कळलं होतं. जग वाईट नाही हा मुद्दा आपण कसा सोडला याचं त्यांना अजून वाईट वाटतं. शेजार होता असं लिहायला हवं होतं आणि मी माहेर लिहून बसलो, असं म्हणाले. त्यांनी तसं लिहूनही ठेवलं होतं, पाठवलं नाही. का नाही पाठवलं, विचारलं तर म्हणाले, “मग कुणी म्हणालं असतं, हौशी होता, वठणीवर आला.”

शेवटचं वाक्य मात्र त्यांनी दोनदा वाचायला लावलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाले, “मी निबंध मागितला नव्हता.”

मामा, माझ्याकडे लोक येतात. मी भिंग बदलत जाते आणि विचारते, आता स्पष्ट दिसतं की आधी स्पष्ट होतं? काहीजण म्हणतात, तसं म्हणायला जागा आहे. अशा माणसाला चष्मा करून देता येत नाही. इराणच्या बाबतीत तुम्ही ‘असावं’ आणि ‘शक्य आहे’ म्हणता ते शहाणपणाचं आहे, मलाही पटलं. पण तळटीप तुम्ही वाचली की नाही, याला अडीच हजार वर्षं झालेली नाहीत आणि साक्षीदार जिवंत आहे.

हो की नाही, एवढंच लिहा. पोस्टकार्डावर मावेल.

खारूताई


९ मे

खारूताई,

नाही. वाचली नव्हती.

हा एक शब्द लिहायला मला बारा दिवस लागले, आणि खरं तर सव्वीस वर्षं. भाऊजींना सकाळी, चहा झाल्यावर, हे पत्र सगळं वाचून दाखव.

तेव्हा मी विभागात नुकताच प्राध्यापक झालो होतो. लेख हातात आला तो शीर्षकापासूनच मला खटकला. लोकांना तो आवडत होता, याने तर जास्तच. मी पहलवी ग्रंथांचे उल्लेख पेन्सिलीने अधोरेखित करत गेलो, तेराव्या पानापर्यंत मला हवा होता तो दोष सापडला आणि मी लिहायला बसलो. पुढची पानं चाळली. शाळामास्तराच्या तळटिपेत माझ्या उपयोगाचं काही असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. एखाद्या विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढला असता.

दोन वर्षांनी एका व्याख्यानासाठी तो ग्रीक उतारा शोधत होतो. आपल्याकडे याचा उल्लेख कुणी केला आहे का ते बघावं म्हणून जुने अंक काढले. पान चौदा. मूळ लेखक, त्याने दिलेला जुना हवाला, उतारा नेमका कुठे सुरू होतो याबद्दलची शंकासुद्धा भाऊजींनी लिहिली होती. माझ्याइतकीच जपून. मी अंक मिटून जागेवर ठेवला.

मग कारणं होतीच. पुढच्या अंकात लिहू म्हटलं, तेव्हा विभागप्रमुख निवडायचे होते आणि चूक कबूल करायची ती वेळ नव्हती. मग ताई आजारी पडली, तेव्हा हा विषय कुठे काढायचा. ती गेली त्या दिवशी मी भाऊजींच्या शेजारी चांगला तासभर उभा होतो. ते माझ्याकडे दोनदा वळले. मला वाटलं, आज गर्दी आहे, पुन्हा येऊ. तुला फेब्रुवारीत ‘जागेअभावी’ लिहिलं तेही खोटं होतं. जागा भरपूर होती, माझं उत्तर शेवटच्या पानाच्या मध्यावरच संपलं होतं आणि खाली संपादकांनी वेलबुट्टी छापली होती.

त्या गाथा मी तीस वर्षं शिकवल्या. द्रुज म्हणजे शिंगंवाला राक्षस नाही, ती निवड आहे, आणि ती एकदाच करून संपत नाही, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहायचो. वर्गातून बाहेर पडलो की तीच निवड करायचो, रोज, शांतपणे. भाऊजींना मी दोन रकान्यांचा माणूस म्हटलं. त्यांनी स्वतःची चूक चार वर्षांत ओळखली. मला माझी दोन वर्षांत कळली होती आणि मी ती चोवीस वर्षं झाकून ठेवली. ताईचं माहेर मी तोडलं, त्याला कुठल्याही साधनाची गरज नाही.

निबंधातलं ते वाक्य काढलं. आता तिथे असं आहे: ‘त्या लेखाच्या चौदाव्या पानावरील तळटीप न वाचताच मी प्रत्युत्तर लिहिले. लेखकाने साधने तपासली होती. मी तपासली नव्हती. हे मला दोन वर्षांनी कळले आणि मी गप्प राहिलो.’ संपादकांना आज पाठवलं.

भाऊजी, मी बावीस तारखेच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. तुम्ही उठून गेलात तरी चालेल, पण मी येतो आहे. तुमची ती न पाठवलेली पानं मला वाचायची आहेत, तळटिपांसकट.

तुमचा मेहुणा


१६ मे

मामा,

पाच तारखेला बाबांना दुसरा झटका आला. तुम्ही पत्र लिहिलंत तेव्हा आम्ही इस्पितळात होतो. बाराला घरी आणलं. धोका टळला असं डॉक्टर म्हणाले. जेवतात, खिडकीशी बसतात, हळूहळू दोन-चार शब्द बोलतात. मला ओळखत नाहीत. ‘अहो बाई’ म्हणतात, अगदी अदबीने, शाळेतल्या नव्या शिक्षिकेला म्हणावं तसं.

तुमचं पत्र काल आलं. मी बाहेरच्या पायरीवर बसून ते वाचलं आणि तिथेच रडले. तुमचा खूप राग आला. हा एक शब्द मार्चमध्येच लिहिला असतात तरी चाललं असतं. पहिल्या पत्राला उत्तर देताना तर बाबा तीन-तीन प्रश्न सांगत होते. हे तुम्हाला न सांगता राहवत नाही, म्हणून लिहिलं.

तरी आज सकाळी चहा झाल्यावर मी ते त्यांना वाचून दाखवलं. तुम्ही सांगितलं होतंत तसं, सगळं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. ‘नाही, वाचली नव्हती’ एवढं वाचून मी त्यांच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. पान चौदाशी मी थांबले, आईच्या नावाशी थांबले. ते नुसते ऐकत होते, वर्गात मुलगा धडा वाचत असताना ऐकायचे तसे, मध्ये न टोकता. वाचून झालं तेव्हा त्यांनी विचारलं, कुणाचं पत्र. मी म्हटलं, मामाचं. त्यांनी मान हलवली. कुणाच्या तरी मामाचं असेल, अशी.

मी चहाचे कप उचलले. दाराशी पोचले तेव्हा त्यांनी हाक मारली. डाव्या हाताने पत्राकडे बोट दाखवलं आणि एकेक शब्द शोधून बोलले.

“याला उत्तर लिहा, बाई. आजच लिहा. वाट बघून बघून फार त्रास होतो माणसाला.”

काय लिहू, मी विचारलं.

त्यांनी पत्राकडे पाहिलं. मग म्हणाले, “मिळालं म्हणून लिहा.”

तेव्हा दुकान न उघडता आधी हे लिहायला बसले आहे. बावीसला मी स्टेशनवर येते.

मामा, तुमचं पत्र बाबांना मिळालं.

खारूताई